लेखणी हाती दिली. अक्षर कोणी शिकवायचे?

सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत वसलेले वरूड तालुक्यातील शेंदूरजनाघाट हे गाव संत्र्यांसाठी आणि त्याहूनही संत्र्यांच्या कलमांसाठी ओळखले जाते. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा कसा भरावा, हे येथे कोणी व्याख्यान देऊन शिकवीत नाही. नवशिका जाणत्याच्या शेजारी बसतो, प्रथम पाहतो, मग दोन-चार खुंट स्वतः कापतो आणि स्वतःच डोळे बांधतो. काही आठवड्यांनी पट्टी सोडली की निकाल लागतो. डोळा हिरवा राहिला तर हात बसला, काळा पडला तर पुन्हा शिकावयाचे. किती जण शिकायला बसले होते, याची नोंद कोणी ठेवीत नाही. किती डोळे धरले, हे मात्र सारे मोजतात.

अशा जाणकार शेतकऱ्याच्या हाती शासनाने 15 ऑगस्ट 2021 रोजी एक नवीच लेखणी दिली. सातबारा उताऱ्यातील गाव नमुना बारा, म्हणजे कोणत्या जमिनीत कोणते पीक किती क्षेत्रावर उभे आहे याची नोंद, तोवर तलाठी करीत असे. त्या दिवसापासून ‘ई-पीक पाहणी’ या योजनेनुसार ही नोंद शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून, मोबाइलवर पिकाचे छायाचित्र घेऊन, स्वतः करावयाची असे ठरले. टाटा ट्रस्टच्या सहकार्याने हे ॲप तयार झाले. 2022 मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. 2024 पासून केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाचे आणखी एक नवे ॲप टप्प्याटप्प्याने आले, आणि त्यात छायाचित्र घेताना गटाच्या हद्दीचीही तपासणी होऊ लागली. याचा अर्थ एवढाच की, ‘नवी व्यवस्था’ ही एकदाच येऊन गेलेली गोष्ट नाही. दर एक-दोन वर्षांनी पडदा बदलतो, कळा बदलतात आणि शेतकरी पुन्हा पहिलीच्या वर्गात बसतो.

योजनेच्या हेतूविषयी वाद घालण्याचे कारण नाही. पिकाची नोंद चावडीत बसूनच होते, ही जुनी तक्रार होतीच. जो जमीन कसतो त्यानेच आपले पीक सांगावे, हे तत्त्व न्यायाला धरून आहे. प्रश्न वेगळा आहे. नोंद चुकली वा राहिली तर त्याचे फळ शेतकऱ्यालाच भोगावे लागते. हमीभावाच्या केंद्रावर कापूस वा तूर घालताना, गारपिटीनंतर मदत मागताना, फळपीक विम्याचा दावा सिद्ध करताना सातबाऱ्यावरचे पीक पाहिले जाते. जोखीम ज्याच्या माथी गेली, त्याचे शिक्षण कोणाच्या माथी, याचे उत्तर मात्र घोषणेत सापडत नाही. परंपरेने ते असे दिले जाते: राज्याने जिल्ह्याला शिकवावे, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने तलाठ्याला आणि तलाठ्याने गावाला. पाणी एका चारीतून दुसरीत सोडत नेले की शेवटच्या झाडाच्या आळ्यात किती पोचते, हे बागाईतदाराला सांगावयास नको. शेवटी गावात उरते ती दवंडी, एक चित्रफीत आणि ‘ॲप उतरवून घ्या’ हा आदेश.

चूक नेमकी कोठे होते

प्रशिक्षणाची आखणी करावयाची तर प्रथम चूक कोठे होते हे पाहिले पाहिजे. त्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याचा 1 हेक्टर 62 आर, म्हणजे चार एकरांचा गट आहे. त्यात दोन एकर संत्र्याची बाग, दीड एकरात कपाशी व तूर, आणि उरलेल्या अर्ध्या एकरात विहीर, गोठा व पडीक तुकडा. हा शेतकरी एकरात विचार करतो. त्याचे वडीलही एकरातच बोलत. ॲप मात्र हेक्टर आणि आर मागते.

त्याने प्रथम कपाशीची नोंद करावयास घेतली आणि क्षेत्राच्या चौकटीत दीड एकर या अर्थाने 1.50 लिहिले. गट 1.62 हेक्टरचा असल्यामुळे ॲपने तो आकडा निमूटपणे स्वीकारला. मग त्याने संत्र्यासाठी 2.00 लिहिले. ॲपने नकार दिला, कारण आता गटात शिल्लक होते फक्त 0.12. येथे शेतकऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. ‘मोबाइल बिघडला’ म्हणून तो नोंद सोडून देतो, किंवा यंत्र जेवढे घेते तेवढे, म्हणजे 0.12 लिहून मोकळा होतो. दोन्ही वाटांनी बाग बुडते. ज्या नोंदीवर यंत्राने हरकत घेतली ती चूक निदान दिसली तरी. ज्या नोंदीवर घेतली नाही, ती खरी घातक ठरली.

बरोबर नोंद अशी हवी होती: संत्रा 0.81, कपाशी व तूर 0.61, पड 0.20, एकूण 1.62. आणि ही बरोबर आहे हे ओळखण्याचे साधन शेतकऱ्याच्या जवळच आहे. सहा मीटर बाय सहा मीटर अंतरावर लावलेल्या बागेत हेक्टरी सुमारे 277 झाडे बसतात. 0.81 हेक्टरात ती सव्वादोनशेच्या आसपास भरतात. तेवढीच झाडे 0.12 हेक्टरात दाखविली तर एका झाडाच्या वाट्याला सव्वापाच चौरस मीटर जागा येते, जिथे छत्तीस हवेत. ज्याने बाग लावली त्याला हा हिशेब एकदा दाखविला की पुन्हा सांगावा लागत नाही. पण तो एकदा तरी दाखवावा लागतो, आणि चित्रफितीत तो नसतो.

याखेरीज आणखी तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले ठिकाण शेताच्या ओळखीचे. शेतकऱ्याचे वावर ‘नाल्याकडचे’ किंवा ‘आंब्याचे’ असते. ॲपला गट क्रमांक आणि खाते क्रमांक लागतो. ज्याचे तीन-चार गट आहेत त्याने एका गटाचे पीक दुसऱ्यावर चढविणे अगदी सहज घडते. दुसरे ठिकाण मिश्र पिकाचे. कोवळ्या बागेत दोन ओळींमधून सोयाबीन किंवा हरभरा घेण्याची रीत आहे. घाईत एकच पीक लिहिले गेले तर दुसऱ्याचा पुरावाच उरत नाही. तिसरे ठिकाण शेवटच्या कळीचे. शेतात संपर्क मिळत नसला तर माहिती मोबाइलमध्ये जतन करून ठेवता येते आणि पुढे पाठविता येते. परंतु जतन करणे आणि पाठविणे ही दोन कामे आहेत हे ज्याला उमगले नाही, त्याची नोंद त्याच्या खिशातच राहते, आणि मुदत संपल्यावर त्याच्या शेतापुढे कोरी जागा दिसते.

तेव्हा शिकवावयाचे आहे ते एवढेच: एकराचे हेक्टर करणे, आपला गट ओळखणे, मिश्र पीक मांडणे आणि पाठविल्याची खूण पाहणे. या चार गोष्टींना ‘संगणक साक्षरता’ असे भारदस्त नाव देण्याने काही साधत नाही. त्या चारच आहेत, म्हणूनच त्या शिकविता येतात आणि आल्या की नाही हे तपासताही येते.

वेळापत्रक शेतीच्या पंचांगाने

खरिपाच्या नोंदीचा शेतकऱ्यांसाठीचा काळ सर्वसाधारणपणे ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबरच्या मध्याला संपतो. त्यानंतर उरलेल्या नोंदी सहाय्यकांकडून करून घेतल्या जातात. हाच काळ कपाशीच्या निंदणी-फवारणीचा आणि आंबिया बहाराच्या फळगळीचा असतो. पोळाही बहुधा याच काळात येतो. ॲप सुरू झाल्यावर शिकवू म्हणणे म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर घर शाकारायला घेणे होय. उलट फार आधी शिकविले तर विसरले जाते. जूनचे मधले दिवस पेरणीचे. तेव्हा वर्ग भरवला तरी कोणी येणार नाही.

शेंदूरजनाघाट आणि भोवतालच्या गावांपुरता विचार केला तर जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंतचा काळ योग्य ठरतो. पहिल्या आठवड्यात चार-पाच निरनिराळ्या शेतांत चाचणी व्हावी: एक जुनी बाग, एक कोवळी बाग, एक सामाईक खाते, एक संपर्क न मिळणारे वावर. नवी आवृत्ती कोठे अडखळते हे येथेच कळते. दुसऱ्या आठवड्यात मदतनीस तयार करावे. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात; महाविद्यालयातील आणि अकरावी-बारावीतील विद्यार्थी, काही शिक्षक, नगर परिषदेतील वा सहकारी सोसायटीतील कारकून अशी दहा माणसे पुरेशी आहेत. त्यांनी आधी स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या शेताची कागदावरची नोंद बिनचूक करून दाखवावी. मगच दुसऱ्याला शिकवावे.

पुढचे तीन आठवडे शेतकऱ्यांचे. समजा सहाशे खातेदार आहेत. एका वेळी बारांहून अधिक माणसे बसविली तर मागच्या ओळीतला माणूस मोबाइल हाती न घेताच घरी जातो. म्हणून बारांच्या पन्नास तुकड्या. दहा मदतनिसांनी आठवड्याला दोन-दोन तुकड्या घेतल्या तर वीस तुकड्या होतात, आणि अडीच आठवड्यांत पन्नास पुऱ्या होतात. उरलेला अर्धा आठवडा पावसाने बुडालेल्या वर्गांसाठी. वर्ग संध्याकाळचा, दीड तासाचा. त्यात बोलणे वीस मिनिटांचे आणि बाकीचा वेळ हाताने करण्याचा. शेवटचा, जुलैअखेरचा आठवडा ज्यांचा हात बसला नाही त्यांच्यासाठी राखून ठेवावा. तो बहुतेक आराखड्यांत नसतोच, कारण सर्वांना एकदा सांगितले म्हणजे सर्वांना आले असे गृहीत धरलेले असते.

एक गोष्ट मात्र गावाच्या हातची नाही. सरावासाठी केलेली नोंद खऱ्या दप्तरात जाता कामा नये. त्यासाठी ॲपची सरावापुरती वेगळी प्रत नव्या आवृत्तीच्या किमान सहा आठवडे आधी गावाच्या हाती पडली पाहिजे. शासनाकडे मागणी करावयाची असेल तर भित्तिपत्रकांची नव्हे, याची करावी. ती मिळेपर्यंत प्रत्येक पडद्याचे मोठे छापील चित्र समोर ठेवून पेन्सिलीने चौकटी भरण्याचा सराव करता येतो; दहा रुपयांच्या कागदावर पुष्कळ चुका करता येतात आणि खोडताही येतात.

एका कागदाचे साहित्य

साहित्याच्या नावाखाली पुस्तिका छापण्याचा मोह टाळावा. शेतकऱ्याला हवा तो एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. पहिल्या बाजूवर त्याने घरीच, सातबारा समोर ठेवून, प्रत्येक वावरासाठी भरावयाचे: वावराचे घरगुती नाव, गट क्रमांक, खाते क्रमांक, एकूण क्षेत्र; मग प्रत्येक पिकाचे क्षेत्र आधी एकरात व त्यापुढे हेक्टरात, संत्र्याची झाडे किती, पाणी विहिरीचे की आणखी कशाचे आणि ठिबक आहे की नाही. खाली बेरीज. बेरीज गटाच्या क्षेत्राएवढी आली तरच शेतात जावयाचे. मोबाइलवर काय भरावयाचे याचा निर्णय असा घरी, कुटुंबासह, शांतपणे होतो आणि शेतात उरते ते केवळ उतरवून घेण्याचे काम.

दुसऱ्या बाजूवर एकराचे हेक्टर करण्याचा तक्ता: अर्धा एकर 0.20, एक एकर 0.40, दीड 0.61, दोन 0.81, तीन 1.21, चार 1.62, पाच 2.02. त्याखाली पाठविल्याची खूण कोठे दिसते ते चित्र, आणि शंका आल्यास कोणत्या मदतनिसाकडे जावयाचे त्याचे नाव. ज्यांना वाचता येत नाही त्यांचा कागद घरातल्या शाळकरी मुलाने भरावा.

हा तक्ता पाहून जुन्या शिक्षकांना एक प्रसंग आठवेल. 1 एप्रिल 1957 रोजी देशात दशमान नाणी आली, तेव्हा सोळा आण्यांचे शंभर नये पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा पैसे होत, आणि पाव पैशाचे नाणे नव्हते. त्यावेळी रूपांतराचे तक्ते काढण्यात आले, आणि जुनी व नवी नाणी काही वर्षे एकत्र चालू ठेवण्यात आली. लोकांनी चुकावे, चुकीतून शिकावे आणि तरी त्यांचे फार नुकसान होऊ नये, एवढी उसंत त्या बदलाने दिली. पीक पाहणीत अशी उसंत फार थोडी आहे. 2022 च्या आवृत्तीत शेतकऱ्याला आपली नोंद 48 तासांच्या आत दुरुस्त करण्याची सोय झाली, ती मोलाची आहे. परंतु चूक झाली आहे हेच ज्याला 48 तासांत कळत नाही त्याला दुरुस्तीची सोय काय कामाची?

परीक्षा कोणाची?

म्हणून तपासणी हा आराखड्याचा कणा मानला पाहिजे. वर्गाच्या शेवटी प्रत्येकाने, कोणी शेजारून न सांगता, चार कामे करून दाखवावी: दिलेल्या सातबाऱ्यावरून गट आणि खाते शोधणे, दीड एकराचे हेक्टर लिहिणे, बागेतील सोयाबीनची मिश्र नोंद मांडणे, आणि समोरच्या मोबाइलवरील माहिती जतन झाली आहे की पाठविली गेली आहे हे सांगणे. येथे पस्तीस टक्क्यांना उत्तीर्ण करण्याची पद्धत उपयोगाची नाही. चारांतील एक काम चुकले तरी नोंद चुकते, तेव्हा चारही आली पाहिजेत. जो अडला त्याला नापास म्हणण्याचेही कारण नाही. त्याचे नाव शेवटच्या आठवड्याच्या यादीत घालावे, आणि कोणत्या कामात अडला ते लिहावे. एकाच तुकडीतले सातजण हेक्टरातच अडले तर दोष शेतकऱ्यांचा नसून शिकविणाराचा आहे, हे त्या यादीवरूनच दिसते.

दुसरी तपासणी खऱ्या नोंदी सुरू झाल्यावरची. पहिल्या आठवड्यात दर दहा नोंदींपैकी एक घेऊन ती शेतकऱ्याच्या कागदाशी त्याच दिवशी पडताळावी. दिवस महत्त्वाचा आहे, कारण 48 तासांची दुरुस्ती तेवढ्यातच बसवावयाची आहे. पडताळणीत बेरीज न जुळणे, झाडांची संख्या आणि क्षेत्र यांचा मेळ न बसणे, गटापुढे पीकच नसणे या तीन खुणा पाहिल्या तरी बहुतेक चुका हाती लागतात. नोंद करणाऱ्याला जाब विचारण्यासाठी हे करू नये. कोणती चूक पुन्हा पुन्हा होते ते ओळखून दुसऱ्या दिवशीच्या लोकांना सावध करण्यासाठी करावे.

या योजनेवर आक्षेप येतील, आणि त्यांतील एक वजनदार आहे. उरलेल्या नोंदी करण्यासाठी आता सहाय्यक नेमले जातात. मग साठीच्या शेतकऱ्याला मोबाइलशी झुंजविण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की, सहाय्यकाला वावर दिसते, वहिवाट दिसत नाही. दोन भावांच्या सामाईक गटात कोणाची बाग कोठे संपते, कोवळ्या झाडांत गेल्या महिन्यात काय पेरले, हे मालकालाच ठाऊक. नोंद कोणाच्याही बोटाने होवो, ती वाचून ‘हे चुकले आहे’ असे म्हणण्याची पात्रता मालकापाशी हवी. सहाय्यक त्याला मोबाइल दाखवील तेव्हा भरलेला कागद त्याच्या हातात असला पाहिजे. ज्यांच्याजवळ तसा मोबाइल नाही त्यांनाही म्हणून वर्गातून वगळता येणार नाही. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. अडचण यंत्राची नसून आकड्यांची आहे.

स्त्री खातेदारांचा विचार तर स्वतंत्रपणे झाला पाहिजे. पतीच्या पश्चात जमीन नावावर आलेली बाई वर्गाला स्वतः येत नाही. दीर किंवा मुलगा येतो, ॲपमध्ये क्रमांकही त्याचाच नोंदला जातो, आणि तिच्या वावराबाबतचे संदेश तिला कधी दिसतच नाहीत. पन्नासांपैकी काही तुकड्या केवळ स्त्रियांच्या, दुपारच्या वेळी, विद्यार्थिनींनी चालविलेल्या असाव्यात. तेथे पाचवे काम शिकवावे: आपल्या नावापुढे कोणाचा क्रमांक आहे ते पाहणे.

या साऱ्याला फार पैसा लागत नाही. लागतो तो हिशेब मांडण्याचा निराळा प्रकार. आज वरिष्ठांकडे जाणाऱ्या अहवालात किती सभा झाल्या, किती उपस्थित होते आणि किती नोंदी आल्या एवढे आकडे असतात. 0.12 हेक्टराची ती बागही त्यात एक ‘झालेली नोंद’ म्हणूनच मोजली जाते. अहवालाच्या शेवटी आणखी दोन रकाने घालावेत: चारही कामे स्वतः करू शकलेले खातेदार किती, आणि पडताळलेल्या नोंदींत बरोबर किती. हे दोन आकडे खरिपाची मुदत संपण्याआधी तालुक्याला कळले तर कोणत्या गावात मदतनीस पाठवावयाचे ते ठरविता येते. मुदतीनंतर कळले तर उरतात केवळ अर्ज आणि हेलपाटे. शेंदूरजनाघाटचा कलमे बांधणारा इसम पट्टी सोडून डोळा पाहिल्याशिवाय रोप विकावयास काढीत नाही. सातबाऱ्याच्या बाबतीतही पट्टी वेळेवर सोडून पाहण्याची ही जबाबदारी महसूल खात्याने स्वीकारली पाहिजे.